जखमांची वही

आमच्या ह्यांच्या साहसकथांमधल्या खलाशाचं अंग चौदा वर्षं मी सांभाळलं. कुठल्या प्रकरणात त्याचा खांदा निखळला, कुठे ताप चढला, कुठली जखम डाव्या दंडावर आणि कुठली उजव्या, सगळं माझ्या वहीत. खांदा निखळलाय तर पुढच्या प्रकरणात त्या हाताने दोर ओढायचा नाही, हे ह्यांना मी सांगायचे. लिहितात हे, पण विसरभोळे एक नंबरचे.

यंदा प्रकाशकांनी संपादिका नेमली. तिशीची असेल. 'तिची नजर फार बारीक आहे हो,' असं हे जेवताना तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी काय डोळे मिटून बसले होते?

हे अंघोळीला गेले तशी मी तिने तपासलेली पानं उचलली. सोळाव्या प्रकरणात खलाशाचा घोटा मुरगळतो. पंचविसाव्यात तो एका जहाजावरून दुसऱ्यावर उडी मारतो, तर बाईसाहेबांनी उडी खोडून त्याला कुणाच्या तरी आधाराने लंगडत नेलेलं. नऊ प्रकरणं झाली, अजून लंगडतोय? मला तर हर्षच झाला. वही पिशवीत घातली आणि तडक तिचं ऑफिस गाठलं.

तिने खुर्ची दिली, काकू म्हणाली, तेही मला टोचलं. मी वही तिच्यापुढे उघडली. तिने स्वतःचा तक्ता शेजारी ठेवला. त्यात प्रकरणाच्या आकड्यापुढे आणखी एक रकाना होता: गोष्टीतला दिवस. सोळा ते पंचवीस, मिळून तीन दिवस. वादळ, पाठलाग, पुन्हा वादळ. त्यात खलाशी दोन रात्री झोपलेलाही नव्हता.

माझ्या वहीत दिवसच नव्हते. मी चौदा वर्षं प्रकरणं मोजून जखमा भरत आले होते.

"आधीच्या पुस्तकांत मग हे कसं निभावलं?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, दिवस ते स्वतः मोजायचे. तुम्ही वाचून दिल्यावर. तुम्हाला कळू देऊ नकोस, असं मला म्हणाले होते."

घरी आले तेव्हा हे टेबलाशी लिहीत होते. मी वही समोर आपटली. त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सगळं ओळखलं. तुला वाईट वाटलं असतं, तू वाचणंच सोडलं असतंस, असं काहीबाही पुटपुटले.

चूक झाली याचं मला काही नाही, माणसाकडून होते. पण माझ्या पाठीमागे चौदा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ह्यांनी सांगितली कुणाला, तर चार महिन्यांच्या ओळखीच्या त्या बाईला.

"तिला सांगितलंत," मी म्हटलं. "मला नाही."