मधल्या लाल रेघेवरचे ठिपके

मी बारा वर्षं कपडे धुण्याच्या पावडरीची अर्ध्या किलोची पाकिटं तोलली. दर अर्ध्या तासाला पाच पाकिटं उचलायची, वजनकाट्यावर ठेवायची आणि त्यांची सरासरी मशीनजवळ टांगलेल्या तक्त्यावर ठिपक्याने मांडायची. तक्त्याच्या मधोमध पाचशे पाच ग्रॅमची ठळक लाल रेघ होती. वर पाचशे आठला आणि खाली पाचशे दोनला पेन्सिलीच्या बारीक रेघा. या दोन रेघा कोणा साहेबाने मनाने ओढलेल्या नव्हत्या. मशीन नीट चालत असताना महिनाभर घेतलेल्या वजनांवरूनच त्या काढल्या होत्या. मशीनचा स्वभावच म्हणा ना.

माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची. या दोन रेघांच्या आत ठिपका नाचतो, त्याला नाचू द्यायचं. आमच्या मशीनवरच्या दादाला हे पटायला दोन वर्षं लागली. ठिपका जरा खाली गेला की तो पावडर सोडणारा स्क्रू पिळायचा, वर गेला की उलटा पिळायचा, आणि मग खरोखरच वजनं सैरभैर व्हायची. "तुझ्या हाताला खाज सुटलीय, मशीनला नाही," असं मी म्हणायची. तो म्हणायचा, "तुम्ही नुसत्या बसून टिंबं देणार, बोलणी मला बसणार."

माझी पाळी सात ते तीन. तीन वाजता ताई यायच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. पाळी बदलताना आम्हाला दोन मिनिटं मिळायची, तीही वजनं समजावण्यात जायची, कारण माझी बस तीन दहाची. खरं बोलणं व्हायचं ते तक्त्याच्या खालच्या 'शेरा' या रकान्यात. तिथे लिहायचं असायचं, मशीन थांबवलं, पाकिटांचा रोल बदलला, असलं. ताई त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहायच्या, "आज गुडघा बोलतोय." मी सकाळी लिहायची, "शेक घेतला का?" दुपारी उत्तर यायचं, "शेकायला वेळ कोण देतो."

यजमान गेल्यानंतर माझ्या खोलीत माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. शेजारच्यांची दारं सदा बंद. मी सकाळी गेटमधून आत आले की पर्स ठेवायच्या आधी शेरा वाचायची.

त्या वर्षी दिवस लहान व्हायला लागले तेव्हाची गोष्ट. आमचा फोरमन सारखा मनगटाकडे बघायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळ म्हणायचे. एके सकाळी त्याने ताईंच्या पाळीचा तक्ता सूचनाफलकावर लावला.

"याला म्हणतात काम," तो मला म्हणाला. "बघा, एक ठिपका इकडे नाही की तिकडे. तुमचे नुसते उड्या मारतात."

मी बघितलं. तीनपासून सहापर्यंत ठिपके खालीवर होते, रोजच्यासारखे. सहानंतर मात्र सगळे मधल्या लाल रेघेवर, मण्यांसारखे ओवलेले. पाचशे पाच, पाचशे पाच, पाचशे पाच. आदल्या चार दिवसांचे तक्ते काढून पाहिले, तेही तसेच; रोज मी फक्त शेरा वाचत आले होते.

माणूस शंभर सह्या करतो, त्यातल्या दोन तंतोतंत जुळल्या तर त्यातली एक गिरवलेली असते. मशीनचंही तसंच. रेघेबाहेर गेलेला ठिपका कुणालाही दिसतो. पण ठिपके नाचायचेच थांबले, तर तीही बिघाडाची खूणच असते, आणि तिच्यासाठी उलट शाबासकी मिळते.

मी खालचे शेरे पुन्हा वाचले. ताईंचं बारीक अक्षर गेले दोन आठवडे मोठं होत होतं, रकान्याच्या बाहेर सांडत होतं. मला वाटलं होतं, घाईत लिहितात.

जेवणाच्या सुट्टीत मी गोदामात गेले. खोक्यांवर वेळेचा शिक्का असायचा. आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या प्रत्येक अर्ध्या तासाच्या खोक्यातून पाच पाच पाकिटं काढून तोलली. सहापर्यंत सगळं ठीक. साडेसहाला सरासरी पाचशे तीन. सातला पाचशे दोन. साडेसातला पाचशे एक, म्हणजे खालच्या रेघेच्याही बाहेर. त्यापुढे आणखी खाली. हे नाचणं नव्हतं, ही घसरण होती. संध्याकाळी ट्रक भरायला गोदामाचं शटर उघडं ठेवायचे. दमट हवा आत यायची, पावडर ओलसर होऊन स्क्रूला चिकटायची आणि पाकिटात कमी पडायची. सकाळी दादा स्क्रू धुवायचा, म्हणून माझ्या वजनांत काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी मी बस सोडली. ताई आल्या. मी माझा कागद पुढे केला. त्यांनी तो हाताच्या अंतरावर धरला, मग नाकाजवळ आणला.

"काय आहे हे?"

"कालची संध्याकाळ आहे, ताई. गोदामातून तोलून आणली."

त्यांनी कागद घडी करून काट्याशेजारी ठेवला. मग स्टुलावर बसल्या.

"दिवे लागले की काट्याभोवती धुकं येतं," त्या म्हणाल्या. "खिडकीचा उजेड असतो तोवर दिसतं. नंतर तक्त्यावर ती एक जाड लाल रेघच दिसते मला. मग तिच्यावरच टेकवते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगून काय, तू डोळे देणार होतीस?" त्या हसल्या, पण फार नाही. "घरी मी एकटीच मिळवती आहे. हे कळलं तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील."

मी म्हटलं, पाळ्या बदलून घेऊ, सकाळ तुमची, संध्याकाळ माझी.

"आणि ती खोकी?"

पाच दिवसांचा माल होता, अर्धा अजून गोदामात पडलेला. तो थांबवायचा तर कारण सांगावं लागणार होतं.

"मी सांगत नाही," मी म्हणाले. आणि ते मी मनापासून म्हणाले, अजूनही त्याची लाज वाटते. "शटर बंद करायला लावते. खोक्यांचं काहीतरी बघू."

"काहीतरी म्हणजे माझ्यासारखंच," ताई म्हणाल्या. "जा तू. बस चुकेल."

"चुकलीच आहे."

"मग पुढची धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्ता मशीनजवळ होता. सहापर्यंत ठिपके होते. पुढे कोरा. शेऱ्याच्या रकान्यात, रेघा ओलांडून, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "सहा वाजता दिवे लागले. पुढचं मला दिसलं नाही. आधीचे पाच दिवसही दिसत नव्हतं. सहानंतरचा माल परत तोला." खाली त्यांची सही.

घड्याळाने त्या दिवशी मनगटाकडे पाहिलं नाही. माल अडवला, पुन्हा तोलला. शटरला आतून पडदा बसला, स्क्रू संध्याकाळीही धुवायला लागले. सूचनाफलकावरचा तक्ता कुणीतरी हळूच काढला. ताईंना घरी बसवलं नाही, पण वजनाच्या कामावरून काढून मागच्या शेडमध्ये खोक्यांच्या घड्या घालायला पाठवलं. ती शेड दुसऱ्या गेटला लागून. त्यांचं येणंजाणं तिकडूनच. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी हात चालवत ठेवले आणि "बस चुकेल तुझी" एवढंच म्हणाल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ताई काम सोडून आपल्या लेकीकडे राहायला गेल्या होत्या. पत्ता कुणाला माहीत नव्हता.

त्यांच्या जागी आलेली बाई कामाला चोख होती. तिचे ठिपके छान नाचायचे, वर दोन, खाली एक, पुन्हा वर. मशीन अगदी निरोगी. महिनाभर मी सवयीने शेऱ्यात काहीबाही लिहीत राहिले. थंडी वाढली. आज बस उशिरा आली. दुपारी त्याच्याखाली तिचं स्वच्छ, रकान्यात बसणारं अक्षर असायचं: "ठीक."

मग मीही तेवढंच लिहायला लागले.