रेषेच्या खालचा आकडा

चांगुणाबाईंना अंबरनाथच्या त्या धर्मादाय रुग्णालयात आणलं, तेव्हा तापाचा पाचवा दिवस होता. डोकं असं दुखत होतं की उजेड सहन होत नव्हता. डेंग्यूची तपासणी झाली, काही निघालं नाही. मलेरियासाठी रक्त काचेवर पसरून पाहिलं, तिथेही काही नाही. प्लेटलेट मात्र ब्याऐंशी हजारांवर आलेल्या आणि यकृताचे आकडे चढलेले. त्यांचे यजमान भीमराव केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले, बदलापूरच्या कुळगावात राहणारे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सगळे कागद तारीखवार फाइलमध्ये लावले होते. पण तारखा लावून ताप उतरत नाही.

फिजिशियन डॉ. अवधूत यांनी स्क्रब टायफसची तपासणी सांगितली, ती खरं तर जाता जाता. खाली लॅबमध्ये डॉ. मनाली ती बघत असे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वाढलेली, चौतिशीची मायक्रोबायोलॉजिस्ट. दुपारी मशीनमधून निघालेला आकडा तिच्यासमोर आला, शून्य पॉइंट त्रेचाळीस. किटच्या पुस्तिकेतला कट-ऑफ शून्य पॉइंट पन्नास. संगणकाने आपलं काम केलं आणि रिपोर्टवर उमटवलं, ‘निगेटिव्ह’.

"पाठवू ना मॅडम?" सुनेत्राताईंनी विचारलं. लॅबमधल्या त्या सर्वांत जुन्या टेक्निशियन.

"थांबा. इतरांचे आकडे किती आलेत?"

"निगेटिव्ह सगळे पॉइंट दहा, पॉइंट पंधरा. पडताळणीचे कंट्रोल नमुने बरोबर आहेत."

मनालीला तेच खटकलं होतं. कट-ऑफ म्हणजे काही निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. निरोगी माणसाच्या रक्तानेही या तपासणीत थोडा रंग येतोच. तो रंग साधारण कुठवर जातो हे बघून, त्याच्या वर कुणीतरी रेघ मारलेली असते. आजाऱ्याला निरोगी म्हणण्याची आणि निरोग्याला आजारी म्हणण्याची, दोन्ही चुका कमीत कमी व्हाव्यात म्हणून. त्रेचाळीस त्या रेघेच्या खाली होता खरा, पण निरोगी माणसांच्या घोळक्यातही बसत नव्हता. शिवाय फॉर्मवर लिहिलं होतं, तापाचा दिवस पाचवा. ही तपासणी शोधते ती आयजीएम नावाची अँटिबॉडी शरीरात बनायला साधारण आठवडा घेते. पाचव्या दिवशी ती पुरेशी सापडली नाही, तर त्यात नवल ते काय?

ती जिना चढून वॉर्डात गेली. लॅबची डॉक्टर पेशंटच्या खाटेपाशी आलेली पाहून नर्सही चकित झाली.

"मावशी, तापाआधी कुठे गेला होतात? रानात, गवतात?"

"शेळीला चारा कापायला जाते की रोज, गावाबाहेर," चांगुणाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "कमरेएवढं गवत वाढलंय यंदा."

"अंगावर कुठे काळी खपली आहे का? दुखत नसेल, खाजतही नसेल."

"नाही बाई."

मनालीने पडदा ओढला आणि नर्सच्या मदतीने स्वतः पाहायला लागली. काखा, मान, स्तनांखालची घडी. काही नाही. मग तिने परकराची नाडी सैल करायला सांगितली. चांगुणाबाई संकोचल्या.

"तिथं काय बघायचंय? नाडी घासून घासून जरा सोललंय, एवढंच."

डाव्या बाजूला, नाडीच्या गाठीखाली, विडीचा चटका लागावा तशी खपली होती. मधोमध कोळशासारखी काळी, भोवती लालसर कडं. मनालीने हलकेच बोट लावलं.

"दुखतं?"

"छे."

मनालीला हवं ते सापडलं होतं. गवतात डोळ्यांना न दिसणारी एका किड्याची अळी असते. ती चावते तिथे अशी खपली पडते आणि त्यातूनच स्क्रब टायफसचा ताप अंगात शिरतो. खपली प्रत्येकाला दिसत नाही, पण अशा तापात ती दिसली, तर तिच्याएवढा बोलका साक्षीदार दुसरा नाही.

अवधूत आणि ती एकाच बॅचचे. तिने त्याला कॉरिडॉरमध्येच गाठलं.

"डॉक्सी सुरू कर. आत्ता."

"तुझीच लॅब निगेटिव्ह म्हणतेय ना?"

"लॅब म्हणतेय, पाचव्या दिवशी रेघेच्या वर नाही. आजार नाही असं कुठे म्हणतेय? चल, खपली दाखवते."

अवधूतने खपली पाहिली, वाकून पुन्हा पाहिली. मग कपाळावर हात मारून घेतला. "मी सकाळी पोट तपासलं ग. चादरीवरूनच." त्याने तिथल्या तिथे डॉक्सिसायक्लिन लिहिली, दिवसातून दोनदा, सात दिवस. मग म्हणाला, "एक काम कर. रिपोर्ट पॉझिटिव्हच करून दे. आपल्याला दोघांनाही माहितीये. सात पॉइंटांचा तर फरक आहे."

"नाही."

"का? कट-ऑफ काही देवाने दिलेला नाही, तूच म्हणतेस."

"म्हणूनच. आज हिच्यासाठी ती रेघ खाली ओढली, तर उद्या कुणाकुणासाठी ओढू? रेघ बदलायची तर आपल्या भागातल्या शे-दोनशे निरोगी लोकांचं रक्त तपासून, हिशेब मांडून बदलायची. एका पेशंटचं तोंड बघून नाही."

तिने रिपोर्ट खोडला नाही, फुगवलाही नाही. आकडा आहे तसा ठेवला आणि खाली लिहिलं: ‘नमुना तापाच्या पाचव्या दिवसाचा. कट-ऑफच्या खाली, तरी या निकालाने स्क्रब टायफस नाकारता येत नाही. खपली आढळली आहे. उपचार निकालासाठी थांबवू नयेत. दोन आठवड्यांनी दुसरा नमुना पाठवावा.’ उरलेलं सीरम तिने छोट्या नळीत भरलं, तारीख घातली आणि उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई उठून बसल्या आणि रुग्णालयाच्या चहाला नावं ठेवायला लागल्या. पाचव्या दिवशी त्या घरी गेल्या.

अवधूतच्या दृष्टीने विषय मिटला. पण त्याच आठवड्यात कुळगावच्या त्याच बाजूचे आणखी दोन तापाचे पेशंट आले आणि मनालीने सरकारी आरोग्य खात्यात साथरोगांचं काम बघणाऱ्या डॉ. चिंतामणींना फोन लावला.

"मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतंय," ते म्हणाले. "पण तुमच्याच कागदावर आकडा कट-ऑफच्या खाली आहे. औषधाने ताप उतरला हा काही पुरावा नाही, ताप आपोआपही उतरतो. दोन नमुन्यांत आकडा चढलेली पक्की एक केस द्या, मी उद्या माणसं उतरवतो."

पक्की केस म्हणजे दुसरा नमुना. आणि दुसऱ्या नमुन्याची तारीख उलटून गेली, तरी चांगुणाबाई आल्या नाहीत. मनाली रक्ताच्या नमुन्यांचा डबा घेऊन स्वतःच कुळगावात गेली.

"जय भीम मॅडम, या," भीमरावांनी दार उघडलं. कारण ऐकलं, तसे मात्र ते खुर्चीत ताठ झाले. "बरं झालेल्या माणसाचं रक्त कशाला? पहिल्या वेळी निगेटिव्ह आलंय. फाइलला लावलंय मी."

"काका, म्हणूनच आले. तेव्हाचा आकडा एकटा आहे. एकट्या आकड्याला काही सांगता येत नाही."

भीमराव फाइल उघडून तोच रिपोर्ट दाखवू लागले. मनाली चांगुणाबाईंकडे वळली.

"मावशी, दुधाला विरजण लावलंत आणि तासाभराने झाकण काढून पाहिलंत, तर काय दिसेल?"

"दूधच दिसंल की."

"म्हणजे विरजण लावलंच नाही?"

"असं कसं? सकाळी बघायला पाहिजे."

"तेच. आधी पाहायचं, मग सकाळी पाहायचं. घट्ट झालं तर विरजण तेव्हाच लागलं होतं. तुमच्या रक्तात ताप ओळखणारं जे बनतं, ते तेव्हा नुकतं बनत होतं. आता पाहू. वाढलं असेल तर हा ताप तोच होता. जेवढ्यास तेवढं राहिलं, तर तो पहिला आकडा जुन्या कुठल्या तापाचा किंवा चुकीचा, आणि मी चुकले."

चांगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचून हात पुढे केला. "घ्या. आणि मला पण सांगा काय निघतंय ते."

परतताना मनालीला एकच धास्ती होती. औषध लवकर सुरू झालं की कधी कधी अँटिबॉडी हवी तेवढी वाढत नाही. तिनेच घाईने सुरू करायला लावलेलं औषध तिचाच पुरावा बोथट करणार होतं काय? तरी ते लांबवावं असं तिला क्षणभरही वाटलं नव्हतं.

सुनेत्राताईंनी फ्रीजरमधलं जुनं सीरम काढलं. "जुन्याचा आकडा आहेच की मॅडम. पुन्हा कशाला?"

"दोन दिवसांच्या तपासणीच्या दोन प्लेट सारख्या नसतात, ताई. रंग इकडेतिकडे होतो. दोघांना एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी बसवा. मग जो फरक दिसेल तो रक्तातला असेल, आपल्या हातातला नाही."

शेवटचं द्रावण पडलं आणि प्लेटच्या खळग्यांतला निळा रंग पिवळा झाला. मशीनमध्ये घालायच्या आधीच सुनेत्राताईंचा हात थबकला. एका खळग्यात पाण्यात हळदीचं बोट बुडवावं एवढा फिका रंग. शेजारच्या खळग्यात मात्र झेंडूसारखा गर्द पिवळा.

"मॅडम..."

"मशीनला बोलू द्या."

मशीन बोललं. पहिला नमुना, शून्य पॉइंट एक्केचाळीस. दुसरा, दोन पॉइंट छत्तीस. कंट्रोल चोख.

मनाली एरवी लॅबमध्ये आवाज चढवत नसे. त्या दिवशी ती अशी ओरडली की रक्तपेढीतली माणसं दारात आली. सुनेत्राताईंनी तिला मिठीच मारली. अवधूत ओपीडी टाकून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला, आकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं झालं तेव्हा माझं ऐकलं नाहीस. खोटा पन्नास लिहिला असतास, तर आज हे दोघं शेजारी उभेच राहिले नसते."

डॉ. चिंतामणींनी शब्द पाळला. दुसऱ्याच सकाळी त्यांची माणसं कुळगावच्या कडेच्या वस्त्यांवर फिरू लागली. तापाच्या रुग्णाची खपली शोधायची, नमुना घ्यायचा, पण औषध नमुन्यासाठी थांबवायचं नाही. आरोग्यसेविका राजाबाई घराघरांत शिरून बायकांना तपासत होत्या. सदू नावाच्या गुराख्याच्या गुडघ्यामागे तापाच्या तिसऱ्या दिवशीच खपली सापडली. त्याला त्याच दिवशी गोळ्या मिळाल्या आणि रुग्णालयाच्या खाटेचं तोंडही पाहावं लागलं नाही. आधी आलेल्या त्या दोघांचेही दुसरे नमुने आले. एकाचा आकडा झपकन वर चढला होता. दुसऱ्याचा पॉइंट छप्पन होता, तो पॉइंट पंचावन्नवर बसून राहिला. पहिल्या दिवशी रेघेच्या वर होता म्हणून तो पॉझिटिव्ह ठरला होता. पण अवधूतने त्याचं ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणारी तपासणी, तेव्हाच केली होती, त्यात टायफॉइड निघाला होता आणि त्याचे उपचार वेळेत बदलले गेले होते.

मनालीने रक्तपेढीला पत्र दिलं. निरोगी रक्तदात्यांचे दीडशे नमुने हवेत, त्यांच्या संमतीने. आता या भागाची स्वतःची रेघ काढायची होती.

कुळगावात ती निकाल सांगायला गेली, तेव्हा भीमरावांनी दोन्ही आकडे असलेला कागद वाचून फाइलला लावला. मग चष्मा काढून म्हणाले, "हिच्या एकटीच्या रक्ताने एवढ्या लोकांचा ताप ओळखला?"

"दोनदा दिलेल्या रक्ताने," चांगुणाबाई आतून ओरडल्या. "आणि हात पुढं केला मी!"