सासूबाई सात अक्षरांच्या

"विनोदाचं भाषांतर होत नाही असं म्हणणारे मुळात आळशी असतात. दोन संस्कृतींच्या मधे पूल बांधायला छाती लागते!" यादव सरांनी दिवाणखान्यात जाहीर केलं.

"पूल बांधून झाला असेल तर एवढी गवार निवडा," असं म्हणून कमळाबाईंनी परात पुढ्यात ठेवली.

पूल काही बांधून झाला नव्हता. लॅपटॉपच्या पडद्यावर सरांची ओळ लालभडक झाली होती.

मनमाडच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर यादव गोटीराम ठोंबरे नाशकात आले आणि कॉलेज रोडवरच्या एका स्टुडिओसाठी परदेशी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहू लागले. पडद्याच्या तळाशी दोन ओळी, एका ओळीत फार तर बेचाळीस अक्षरं, आणि वाचणाऱ्याला दम लागू नये म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त अठरा. त्यातही यंत्र काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजायचं आणि ओळ मर्यादेबाहेर गेली की ती लाल करायचं. चार अक्षरी सासूबाई यंत्राच्या लेखी सात अक्षरांच्या होत्या. "हा सासूबाईंचा मान आहे की आपला छळ?" असं सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यावर स्नेहलनं "दोन्ही" एवढंच कळवलं होतं.

स्नेहल म्हणजे स्टुडिओतली तपासनीस. वय सव्वीस. सरांच्या ओळी तपासून परत पाठवण्याचं काम ती इतक्या नम्रपणे करायची, की परत आल्याचं दुःख व्हायला सरांना अर्धा तास लागायचा.

सध्या गाडं अडलं होतं ते एका नॉर्वेजियन विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागावर. सरांना नॉर्वेजियनचा गंध नव्हता. इंग्रजी संवाद, त्यांच्या ठरलेल्या वेळा आणि खाली खुलाशाच्या टिपा असा साचा स्टुडिओतून यायचा, त्यावरून मराठी करायचं. प्रसंग साधा होता. सासूनं तीन दिवस पाण्यात भिजवून केलेला, ताटात थुलथुल हलणारा मासा जावई चाखतो आणि म्हणतो, की हा ओड्वारच्या हवामान अंदाजासारखा आहे: तीन दिवस वाट पाहायची आणि शेवटी चिखल. खाली टीप होती, 'ओड्वार: जुना टीव्ही निवेदक. तिकडे सगळ्यांना माहीत. इथे हशा अपेक्षित.' वेळ तीन सेकंद.

सरांनी पहिल्यांदा सगळं भरलं होतं: 'सासूबाई, हा मासा म्हणजे दूरदर्शनवरच्या ओड्वारचा हवामान अंदाज: तीन दिवस वाट पाहायची आणि शेवटी पदरात चिखल!'

एकशे चार अक्षरं. स्नेहलनं लिहिलं, "सर, हे वाचेपर्यंत पात्रं जेवून उठतात."

मग सरांनी संस्कृतीचा पूल सरळ आपल्या अंगणात आणून टेकवला: 'मनमाडला गाडीची वाट पाहा, शेवटी चिखल!' अक्षरं बसली. तासाभरात फोन आला.

"सर, मागे बर्फ आहे, बोटी आहेत. या माणसाला मनमाड कसं माहीत?"

"मॅडम, जंक्शन आहे ते. तिथून कुठेही जाता येतं."

"नॉर्वेला?"

"बदलून."

स्नेहल हसली, पण ओळ परत आलीच. "सर, दोनदा झालं. आज पाचपर्यंत तिसऱ्यांदा पाठवा. यावेळी परत आली तर भाग दुसऱ्याकडे जाईल. मग शेवटी नावही त्यांचंच येईल. माझ्या हातात नाही हो."

खरं दुखणं हे होतं. भागाच्या अगदी शेवटी, संगीत संपताना, भाषांतरकाराचं नाव झळकायचं. आधीच्या भागांवर नावं दुसऱ्यांची होती. हा सरांचा पहिला भाग होता आणि कमळाबाईंनी ते घोटीपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. एका भाचीनं तर पेढेसुद्धा खाऊन टाकले होते.

तीन वाजले होते. सरांनी गवार बाजूला सारली आणि पडद्यावर पुन्हा आणलेल्या पहिल्या, लाल ओळीवर कात्री धरली. ओड्वार गेला. मराठी माणसाला तो एका सेकंदात भेटणार कसा आणि आवडणार कसा? मासा गेला, तो ताटात दिसतच होता. सासूबाईंनाही काढलं, त्याही जावयासमोर बसलेल्या होत्या. लिहून दाखवायची गरज नव्हती. उरलं ते एवढंच, दोन ओळींत:

'तीन दिवस वाट पाहिली
आणि शेवटी चिखल.'

ओळ हिरवी झाली. पण हसू येतंय की नाही हे यंत्र सांगत नव्हतं.

ते सांगणारं माणूस आतल्या खोलीत होतं. सगुणाबाई, सरांच्या सख्ख्या सासूबाई, मोतीबिंदू काढून घ्यायला घोटीहून आल्या होत्या. नव्या नजरेनं त्या दिसेल ते वाचत सुटल्या होत्या. मोठ्यानं, बोट धरून. सकाळीच त्यांनी साबणाचं वेष्टन संपवलं होतं.

"सासूबाई, जरा हे बघता?"

"सासू-जावयाचं हाय व्हय? लावा लावा."

सरांनी प्रसंग लावला. सगुणाबाईंचे ओठ हलू लागले. "तीन... दिवस... वाट पाहिली... आणि शेवटी चिखल!" आणि त्या खळखळून हसल्या. पडद्यावर जावयाचं मात्र निम्मंच बोलून झालं होतं. तो थांबला, त्यानं माशाकडे बघितलं, मग तो पुढचं बोलला. तेव्हा कुठे पडद्यावरचं टेबल हसलं.

"आता काय झालं हसायला?" सगुणाबाई म्हणाल्या. "लय मंद लोकं हायती. मी कवाच हसले."

सरांच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. नट जिथं मुद्दाम थांबत होता, तिथं त्यांची दुसरी ओळ आधीच पडद्यावर येऊन बसली होती. त्यांनी विनोद छान लिहिला होता आणि नटाच्या तोंडातला घास पळवला होता.

त्यांनी ओळीचे दोन तुकडे केले. पहिला बोलणं सुरू होताच. मधे रिकामं, नुसता मासा. दुसरा नटानं पुन्हा तोंड उघडताच. दोन्ही हिरवे.

"सासूबाई, पुन्हा एकदा."

"तीन दिवस... वाट पाहिली..." बोट थांबलं. खाली अक्षरं नव्हती. सगुणाबाईंनी वर पाहिलं. मासा हलला. "अगं बाई! हे खायचं हाय?" आणि 'आणि शेवटी चिखल' येताच त्या आणि नॉर्वे एकदमच हसले. कमळाबाई परात घेऊन बाहेर आल्या आणि त्याही हसल्या.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ओळ गेली. पाचला उत्तर आलं: "सर, मी हसले. पास."

महिन्यानं भाग आला. पाहायला घोटीचे सात जण, मनमाडचे दोन शेजारी आणि ती पेढेवाली भाची. चिखलाला सगळे हसले. दुसरी मालिका आपोआप सुरू होऊ नये म्हणून कमळाबाई रिमोट दोन्ही हातांत धरून बसल्या. संगीत संपत आलं आणि ते आलं:

'मराठी उपशीर्षके: यादव गोटीराम ठोंबरे'

"मराठी... उप... शी..." सगुणाबाईंचं बोट तिथंच राहिलं. पडदा काळा.

"आलं का नाव?" कुणीतरी विचारलं.

पुन्हा लावलं. पुन्हा 'उपशी' पर्यंत. सरांनी सवयीनं मोजलं. छत्तीस अक्षरं, एक सेकंद. मर्यादेच्या बरोबर दुप्पट. ही ओळ स्नेहलनं त्यांच्याकडून जन्मात घेतली नसती.

चौथ्यांदा लावल्यावर सगुणाबाईंनी चष्मा काढला आणि मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, लय लांबलचक लिवलंय. पुढच्या वेळेला नुसतं 'जावई' लिवा ना. मला समजंल."