कासवाच्या पोटाखालचं पान

वस्तू उलटी करून न बघणाऱ्या माणसाला वहिनी माणसांत धरत नसत. घराखालच्या गॅरेजमध्ये त्यांचे बारा प्रिंटर चालत. कागदाचे नव्हेत, प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत वस्तू घडवणारे. या कामात वरून सगळंच गोजिरं दिसतं, खरं काय ते तळाशी कळतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला, नको म्हणालं तरी, ऐकवत.

सगळ्यात जास्त ऐकावं लागे ते त्यांच्या दिराला. स्वतः एकही वस्तू न घडवता तो दिवसभर 'बिझनेस'च्या गप्पा मारी, म्हणून घरात त्याला शेठ म्हणत, आणि वहिनी रागावल्या की तोंडावर ऐतखाऊ. तरी यावेळी कधी नव्हे ते त्याने खरंच काम आणलं होतं. भेटवस्तूंच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंना दीडशे पेन-स्टँड हवे होते, शनिवारपर्यंत. माल पसंत पडला, तर त्यांच्या सगळ्या शाखांचं काम कायमचं वहिनींकडे येणार होतं. गॅरेजमधून निघून रस्त्यावर पाटी लावलेलं स्वतःचं दुकान थाटायचं, हे वहिनींचं किती वर्षांचं स्वप्न या पेन-स्टँडवर येऊन टेकलं होतं.

"वहिनी, हे घुबड बघा," प्रिंटरसाठी वस्तूंचे तयार आराखडे मिळतात ती साइट उघडून शेठने लॅपटॉप पुढे सरकवला. "फुकट आहे. हजारोंनी डाउनलोड केलंय."

"भावजी, डाउनलोड करायला काय अक्कल लागते? हा फोटो तरी आहे का? कॉम्प्युटरवर रंगवलेलं चित्र आहे हे. खरं छापलेलं घुबड दाखवा मला एक."

शेठने कमेंट उघडल्या. वा, अप्रतिम, उद्याच छापतो.

"उद्या छापणाऱ्यांची जत्रा भरलीय नुसती," वहिनी म्हणाल्या. "छापलंय कोणी? खाली या. हा बघा, एकच शहाणा. पंख हवेत तरंगतात, म्हणून खालून आधार छापावा लागतो, आणि तो काढताना पंखच मोडतो म्हणतोय. दीडशे घुबडांचे पंख तुम्ही चिकटवत बसणार का?"

मग त्यांनी स्वतः शोधलं. एक कासव सापडलं, पाठीवर पेनांसाठी भोकं असलेलं. त्याखाली परक्या माणसांनी आपापल्या घरी छापलेल्या कासवांचे फोटो होते, कुणाचं हिरवं, कुणाचं जांभळं. थराची जाडी किती ठेवली, आधार लागला नाही, भोकं जरा घट्ट येतात म्हणून आकार किंचित वाढवा, असं सगळं लिहिलेलं. एकाने तर कासव उलटं करून फोटो टाकला होता. तळ काचेसारखा गुळगुळीत, आणि पोटावर कोरलेलं एक छोटंसं पान, करणाऱ्याची खूण.

"याला म्हणतात मॉडेल," वहिनी खुलल्या. लगेच त्यांनी लायसन्स, म्हणजे आराखडा वापरायच्या अटी, बघितलं आणि तोंड पाडलं. "नाव देऊन वापरा, पण विकायचं नाही."

"मग नाव देऊ की! नाव द्यायला काय जातंय?"

"भावजी, दोन अटी आहेत. एक पाळली म्हणून दुसरी माफ होते का? घरी छापा, मित्राला द्या, हरकत नाही. पण विकायचं तर मालकाची वेगळी परवानगी लागते." आणि त्यांनी कासववाल्याला रीतसर निरोप पाठवला: आम्ही अमुक, काम अमुक दुकानाचं, विकायची परवानगी द्याल का?

उत्तर आलं नाही. शनिवार मात्र येतच होता.

गुरुवारी शेठ नाचतच आला. दुसऱ्या एका साइटवर टोपी घातलेलं कासव मिळालं होतं, आणि तिथलं लायसन्स स्वच्छ होतं: नाव द्या, खुशाल विका. वहिनींनी कमेंट चाळल्या. छापलेल्यांचे फोटो होते, तक्रार नव्हती. उलटा फोटो एकही नव्हता. एरवी एवढ्यावरून त्यांनी शेठची सालटी काढली असती. आज त्यांना तो फोटो आठवलासुद्धा नाही, किंवा आठवून घ्यायचा नव्हता.

पहिलं कासव तयार झालं. वहिनींनी ते प्रिंटरच्या पाटावरून सोडवलं आणि सवयीने उलटं केलं. पोटावर पान होतं.

त्यांना सगळं कळलं. टोपीवाल्याने दुसऱ्याचं कासव उचललं, वर टोपी चढवली आणि स्वतःचं म्हणून वाटायला काढलं. खूण पुसण्याएवढीही तसदी घेतली नव्हती त्या ऐतखाऊने. जे त्याचं नव्हतंच, ते विकायची मुभा तो कुठल्या तोंडाने देत होता? हेच शेठने केलं असतं तर वहिनींनी अख्खी गल्ली गोळा केली असती.

"काय झालं, वहिनी? तळ बिघडलाय का?"

"नाही. तळ छान आलाय," त्या म्हणाल्या, आणि कासव हळूच सुलटं ठेवलं. "बाकीचे लावा. त्या साइटवर लायसन्स लिहिलंय ना? मग झालं तर. आपण काय पोलीस आहोत?"

शेठसारखं बोलायला त्यांना जराही जड गेलं नाही.

दीडशे कासवं छापून झाली. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी बांधली, तिच्यावर टोपीवाल्याचं नाव. चोराला इतक्या निष्ठेने श्रेय देणारं दुसरं गॅरेज शोधून सापडलं नसतं. मालकीणबाईंनी माल बघितला, खूश झाल्या, काचेच्या कपाटात मांडला आणि फोटो काढून दुकानाच्या वेबसाइटवर टाकला. "आम्ही हक्काशिवाय काही छापत नाही," असं वहिनी त्यांना म्हणाल्याही.

सोमवारी मालकीणबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. टेबलावर एक कासव उलटं पडलं होतं.

"हे वाचा," त्यांनी फोन पुढे केला.

साइटवरचं मूळ कासवाचंच वेबपेज होतं ते, वहिनींनी स्वतः शोधलेलं. खाली एक नवी कमेंट. कुणीतरी या दुकानातून कासव विकत घेतलं होतं आणि उलटं करून फोटो टाकला होता. लिहिलं होतं: "इतकी सुबक प्रिंट मी आजवर पाहिली नाही. थर दिसत नाहीत, तळ स्वच्छ, पानाची शीरनशीर उमटलीय. फक्त चिठ्ठीवर नाव दुसऱ्याचं कसं?"

त्याखाली कासववाल्याचं उत्तर. "मी प्रवासात होतो. या गॅरेजचा निरोप आजच वाचला. विचारल्याचं इतकं बरं वाटलं, की हो म्हणणार होतो, तेही फुकट. म्हणजे विकायची मनाई आहे हे यांना ठाऊक होतं. आता नाही म्हणतो."

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्हाला माहीत होतं?" मालकीणबाईंनी विचारलं.

वहिनींनी उलट्या कासवाकडे बघितलं. "पहिलं कासव निघालं तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत नव्हतं म्हणाला असतात तर मी पुढचं काम दिलं असतं. उरलेला माल घेऊन जा. शाखांचं काम विसरा."

खोकी गॅरेजमध्ये परत आली. वहिनी खाली बसून एकेका कासवाची चिठ्ठी कापू लागल्या. शेठ बराच वेळ दारात घुटमळला. मग वहिनींना बरं वाटावं म्हणून, अगदी मनापासून म्हणाला, "पण वहिनी, प्रिंट चांगली आलीय असं लिहिलंय ना त्याने?"

वहिनींनी मान वर केली. ओठांवर आलेला 'ऐतखाऊ' हा शब्द नेहमीचाच होता, पण तो आज त्यांना शेठला म्हणवेना.