‘मुलांसाठी आहे का?’ — ‘नाही’

चक्रपाणीगारूंच्या, म्हणजे आपल्याकडे म्हणतील चक्रपाणीरावांच्या, स्टुडिओत एकच कडक नियम. बडबडगीत तेलुगू असो, कन्नड असो की मराठी, ते यूट्यूबवर चढवताना ‘हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का?’ असा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ म्हणायचं आणि पुढे चालायचं. ‘हो’ म्हटलं की व्हिडिओखाली कमेंट लिहायची सोय बंद होते आणि पाहणाऱ्याची आवडनिवड हुंगून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातीही बंद होतात. मिळकत घसरते. घसरू दे, म्हणतात. पोरांच्या ताटातला घास आपण उचलायचा नाही.

हा नियम मी मोडला. कुणी फसवून मोडायला लावला असता तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

हैदराबादच्या नल्लकुंटा भागात टिफिन सेंटरच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ. खाली पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, भाजला जातो आणि वर आमच्या फायलींनासुद्धा आल्या-मिरचीचा वास येतो. मी मूळची मिरजेची, लग्न होऊन हैदराबादला आले ती इथलीच झाले. शाळेतली नोकरी सुटल्यावर इथे मराठी चॅनेल सांभाळायला लागले. व्हिडिओचं शीर्षक, खालचं वर्णन, शोधताना सापडावं म्हणून लावायचे शब्द, सगळं माझ्याकडे. स्टुडिओत मराठी वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे माझ्यावर देखरेख करणारंही कुणी नाही. चक्रपाणीगारू म्हणायचे, “वसुधागारू, तुमचं मराठी माझ्यासाठी देवनागरीतला देव. हात जोडतो आणि पुढे जातो.”

वर्णनं मी जीव ओतून लिहायची. ती वाचणार आई-बाप, म्हणून भाषा मऊ ठेवायची. ‘हट्टी मूल’ लिहायचं नाही, ‘मन रमेना तेव्हा’ लिहायचं. ‘मोबाईल दाखवून भरवा’ असं तर कधीच नाही. ‘आधी तुम्ही म्हणा, मग बाळ म्हणेल’ असं लिहायचं. इतकं करून गेल्या तीन वर्षांत एका माणसाने बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. म्हणणार कुठे? कमेंट बंद. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं आणि मनातल्या मनात चिडायचे.

मग ‘भाताचा डोंगर, तुपाचा झरा’ हे घास भरवायचं गाणं तयार झालं. आमची चित्रं काढणारी मुलगी सौजन्या, तिने त्यात हिरवा पोपट असा गोड काढला होता की तो भात खाताना बघून मलाच भूक लागली. मी शीर्षक दिलं, ‘बाळाला घास भरवताना आईने म्हणायचं गाणं’. वर्णनातलं प्रत्येक वाक्य आईला उद्देशून. आणि मग तो प्रश्न आला. मी विचार केला, शीर्षकात आई, वर्णनात आई, बोलतेय मी आईशी, मग हा व्हिडिओ मुलांसाठी कसा? केलं ‘नाही’.

हा शहाणपणा नव्हता, चोरवाट होती. कपाळावर काय लिहिलंय त्यावर हे ठरत नाही, व्हिडिओ कुणासमोर लागणार त्यावर ठरतं. रंगीत पोपट, बाळबोध चाल, टाळ्या. दोन वर्षांचं पोर ते बघणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला कळत नव्हतं असं नाही. मला कुणीतरी ‘छान’ म्हणायला हवं होतं.

आणि म्हणायला लागल्या हो बायका! ‘ताई, आमचं कार्टं पहिल्यांदा वरण-भात जेवलं.’ ‘किती गोड लिहिता.’ मी वाचायची, सौजन्याला तेलुगूत सांगायची. ती म्हणायची, “अक्का, आज तुमच्या चालीत मिरवणूक आहे.” माझे पाय जमिनीवर नव्हते हेच खरं. त्या धुंदीत मी सगळ्यात वर एक कमेंट चिकटवली, ‘आपल्या लाडक्याचं नाव, वय आणि गाव लिहा. पुढच्या गाण्यात पोपट त्याला हाक मारेल.’ नावांचा नुसता पाऊस पडला. काही नावं निवडून आम्ही नवं गाणं बसवायलाही घेतलं.

मंगळवारी सौजन्या माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला मराठीचं अक्षर वाचता येत नाही, ती फक्त चित्रं बघत होती.

“अक्का, तुम्ही दुसऱ्या खात्यावरून उत्तरं का देता?”

मी म्हटलं, कसलं दुसरं खातं? तिने पडद्यावर बोट ठेवलं. खात्याला आमचंच नाव, चित्रात आमचाच पोपट. पण तिच्या पोपटाची शेपटी निळी असते आणि आमच्या खऱ्या उत्तरातल्या नावाभोवती करडी चौकट दिसते. याला चौकट नव्हती आणि शेपटी कापली गेली होती. कुणीतरी व्हिडिओतला पोपट कातरून आमचं सोंग घेतलं होतं.

मग मी ती उत्तरं वाचली. ज्या ज्या आईने नाव लिहिलं होतं, तिला या सोंगाड्याने लिहिलं होतं. ‘आपल्या लाडक्याचा एक फोटो पाठवाल का? मन प्रसन्न होईल.’ ‘बाळ कुठल्या अंगणवाडीत जातं? किती वाजता सुटतं? पोपट भेटायला येईल.’ माझीच भाषा होती ती. तोच ‘लाडक्या’, तोच मऊ सूर. माझ्या वर्णनातली वाक्यं उचलून त्याने गळ बनवला होता.

बहुतेक बायकांनी उत्तर दिलं नव्हतं. एकीने दिलं होतं. भूम गावची सारिका, तिची मुलगी गार्गी, सव्वातीन वर्षांची. अंगणवाडी कुठली, सुटते कधी, सगळं तिने लिहिलं होतं आणि खाली स्वतःचा मोबाईल नंबर. त्यावर सोंगाड्याचं शेवटचं उत्तर आदल्या संध्याकाळचं होतं, ‘उद्या पोपटाची वाट बघा.’

उद्या म्हणजे आज. मी चक्रपाणीगारूंना हाक मारली आणि काहीही न लपवता सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला आणि विचारलं, “नियम माहीत होता ना, अम्मा?”

“होता.”

“मग आता बंद करा.”

सौजन्या मध्येच म्हणाली की एकदा ‘मुलांसाठी’ केलं की सगळ्या कमेंट जातील, मग त्या बायकांना सांगणार कसं? तेही खरं होतं. आणि उघडं ठेवावं तर आम्ही लिहू ते तोही वाचणार, हेही खरं होतं. शेवटी ठरलं, आधी सारिकाला फोन, मग त्याची सगळी उत्तरं तक्रार करून काढायची, आणि मग बंद. चक्रपाणीगारू आधी पडद्याचे फोटो काढून ठेवून सायबर पोलिसांना फोन लावायला उठले. मी सारिकाचा नंबर फिरवला.

पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता. मी चॅनेलचं नाव सांगितलं मात्र, सारिका हरखली.

“अगं बाई, तुम्ही सोता फोन केला? आमच्या गार्गीचं नाव कधी येणार ओ गाण्यात? ती सारखी इचारती.”

मी सांगितलं, की तुम्हाला फोटो मागणारे आम्ही नव्हतो, तो कोण आहे आम्हाला माहीत नाही, आत्ताच्या आत्ता अंगणवाडीत जा आणि सेविकाबाईंना सांगा, तुमच्याशिवाय पोरीला कुणाच्याही हाती द्यायचं नाही. मिक्सर थांबला.

“पण तुम्हीच म्हनला होता ना, नाव लिहा, गाव लिहा?”

“हो. तेवढं मीच म्हटलं होतं. ती माझी चूक.”

“तुमची भाषा लई गोड होती ओ ताई. म्हनून लिहिलं मी.”

फोन कट झाला.

पुढचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. सौजन्याने खालून चहा आणला, तो तसाच निवला. आम्ही त्याची उत्तरं एकेक करून तक्रारीत टाकली, ते खातं आमच्या चॅनेलवरून लपवलं, वर चिकटवलेली माझी कमेंट काढली. मग मी व्हिडिओच्या सेटिंगमध्ये गेले. ‘मुलांसाठी बनवला आहे का?’ ‘हो’. जतन केलं आणि पान पुन्हा उघडलं. खाली एक ओळ होती, कमेंट बंद आहेत. वरण-भात जेवलेलं कार्टं गेलं, ‘किती गोड लिहिता’ गेलं. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

वर्णन मात्र ‘मुलांसाठी’ केल्यावरही राहतं. तिथे आता मऊ काय लिहायचं? सगळं पुसून मी सर्वांत वर लिहिलं: ‘आमच्या नावाने कुणीही बाळाचा फोटो, शाळा, पत्ता मागितला तर देऊ नका. आम्ही इथे बाळांची नावं आणि गावं विचारली होती, ते चुकलं. तुम्ही इतर कुठे ही माहिती दिली असेल तर काढून टाका.’ चक्रपाणीगारूंनी मला ते तेलुगूत सांगायला लावलं. ‘चुकलं’ हा शब्द ठेवायचा का, असं मी विचारलं. म्हणाले, “तोच तर ठेवायचा.”

दुपारी फोन वाजला. सारिका होती. धापा टाकत होती, पण आवाज मघापेक्षा बरा होता.

“पोरगी बरी हाय. खिचडी खात बसली होती. सकाळी एक गाडीवाला येऊन इचारून गेला म्हनं, गार्गी कोन म्हनून. बाईंना शंका आली, त्यांनी हाकलला.”

मी म्हटलं, पोलिसांचा फोन येईल तुम्हाला, घाबरू नका, तुमचा काही दोष नाही. दोष माझा आहे, ते मी त्यांनाही सांगितलंय. ती ‘हां, हां’ करत राहिली. मागे गार्गीचा आवाज येत होता, ती आमचंच गाणं म्हणत होती, भाताचा डोंगर, तुपाचा झरा. आईने तिला गप्प केलं.

मला वाटलं आता ही मला शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं. पण ती हळूच म्हणाली, अगदी मी वर्णनात लिहिते तशा मऊ सुरात, “ताई, एक सांगू? राग मानू नका.”

“सांग.”

“गान्यात पोरीचं नाव येनार होतं ना, ते तेवढं घालू नका.”

समोर सौजन्या नव्या गाण्याची फाईल उघडून बसली होती. पोपटाची चोच उघडी होती आणि तिच्यापुढे गार्गीचं नाव लिहिलेलं होतं. मी पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं, तिने ते पुसलं.

“नाही घालणार,” मी म्हटलं.