जुनं पाणी

सर्वांत खालच्या पानाच्या कडेला तपकिरी रेघ होती. जेमतेम दोन मिलिमीटर रुंद, देठापासून टोकापर्यंत सलग, आणि तिच्या आतल्या बाजूला फिकट पिवळी किनार. पानाचा मधला भाग मात्र हिरवागार. मी पुढचं झाड पाहिलं, त्याच्या पुढचंही. चारशे टोमॅटोंपैकी ज्याच्या पायथ्याशी वाकावं, त्याच्या खालच्या पानांना तीच रेघ.

दादाला जाऊन चौदा महिने झाले होते. मातीवाचून, पाण्यावर टोमॅटो पिकवायची त्याची शेड आता वहिनी एकट्याच सांभाळत. फळं नीट पिकत नाहीत, देठाकडे हिरवी राहतात, म्हणून माल घेणारा कुरकुरत होता. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून येणार नाही, असं तो सांगून गेला होता. वहिनींनी मला फोन केला तो हेच सांगायला. मी कॉलेजात झाडांचं पोषण शिकवते. आमच्या घरात ते एकच ज्ञान दोघांकडे होतं. दादा त्यावर पोट भरायचा आणि मी पेपर तपासायचे.

शेडमध्ये शिरताना पाय अडखळला. दाराशी दादाच्या रबरी चपला होत्या, ओल्या. आत सिमेंटवर मोठ्या पावलांचे ओले ठसे पन्हळींच्या मधून गेलेले. वहिनी त्याच घालून फिरतात हे मला ठाऊक होतं, तरी मी ठशांवर पाय न ठेवता चालले. दर पंधरा मिनिटांनी पंप सुरू व्हायचा, पांढऱ्या पन्हळींतून पाणी मुळांना चाटत जायचं आणि टाकीत परत पडायचं. तो आवाज थांबला की कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटे.

भिंतीवर त्याची टिपणं तशीच चिकटवलेली होती, प्लास्टिकखाली.

«नत्र: जुनी पानं आधी पिवळी, पान सगळं सारखं. झाड खुजं.
स्फुरद: पान काळपट हिरवं, मग जांभळट. मुळं तोकडी, फूल उशिरा.
पालाश: जुन्या पानांची कड आधी पिवळी, मग करपलेली. खोड लेचंपेचं, फळ बेरंगी.
तिन्ही झाडात फिरतात. कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. म्हणून आधी खाली बघ.
मातीवाचून: मुळाला माती लागत नाही, विरघळलेले क्षार, हवा आणि आधार लागतो. मातीत चूक मुरते, पाण्यात चूक तरंगते.»

तिसऱ्या ओळीवर, पालाशवर, म्हणजे पोटॅशियमवर मी बोट ठेवलं. वहिनी मागे उभ्या होत्या.

त्या म्हणाल्या की पालाश कमी कसा असेल, क्षार मोजायचा मीटर तर रोज बरोबर दाखवतो. दादा सांगून गेला होता तोच आकडा, दोन पूर्णांक दोन. आकडा उतरला की त्या ‘अ’ पिंपातलं आणि ‘ब’ पिंपातलं खताचं पाणी सारख्या मापानं टाकीत घालतात. दोन्ही पिंपं वेगळी का, तेही त्यांना पाठ होतं: ‘अ’मधलं कॅल्शियम ‘ब’मधल्या फॉस्फेट-सल्फेटला तसंच दाट भेटलं तर खाली गाळ बसतो. सगळं दादा करायचा तसंच.

“तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते मला नका सांगू, वन्सं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही फळ्यावर टोमॅटो पिकवता. आम्ही त्यावर जगतो.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग मी नोंदवही मागितली. त्यांनी जरा वेळ लावला. मी वही उघडली. कालची नोंद दादाच्या अक्षरात होती. परवाचीही. तोच उजवीकडे झुकलेला ‘ट’, तीच आकड्याखाली मारलेली दुहेरी रेघ. चौदा महिन्यांच्या तारखा, रोज एक ओळ, आणि अक्षर तसूभरही हललेलं नाही. क्षणभर मला खरंच वाटलं की तो सकाळी येऊन जातो.

वहिनी खाली बघत म्हणाल्या, “सुरुवातीला नुसतं गिरवून बघितलं. मग हात वळला.”

 मी पानं मागे मागे उलटत गेले, तो होता तिथपर्यंत. त्याच्या दिवसांत दर तिसऱ्या रविवारी एक जास्तीची ओळ होती: ‘टाकी बदलली.’ शेवटची, तो दवाखान्यात गेला त्याच्या दोन दिवस आधीची. त्यानंतर एकदाही नाही.

तेव्हा कळलं. मीटर पाण्यातले एकूण क्षार मोजतो. कोणता क्षार किती, ते त्याला कळत नाही. फळ धरलेलं झाड पालाश भराभर ओढतं. विहिरीच्या पाण्यातून येणारं सोडियम, शिवाय कॅल्शियम आणि सल्फेट, झाड तितकं घेत नाही; ते टाकीतच साठत जातं. पालाश उतरतो, बाकीचं चढतं, आणि आकडा दोन पूर्णांक दोन राहतो. टाकी भरलेली आणि झाड उपाशी. दादाला हे ठाऊक होतं म्हणूनच तो टाकीतलं जुनं पाणी सोडून द्यायचा आणि नवं भरायचा.

मी हे सगळं वहिनींना सांगितलं, जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू. त्यांनी ऐकून घेतलं आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवला. म्हणाल्या, बघू. पुढच्या आठवड्यात बघू.

वहिनी ‘बघू’ म्हणाल्या की ते काम गेलं, हे आम्ही घरचे त्यांच्या लग्नापासून ओळखून होतो. मी भांडले नाही. टाकीतलं बाटलीभर पाणी तपासायला पाठवलं आणि दोन बादल्या मागितल्या. एकीत टाकीतलं पाणी, दुसरीत मी नव्यानं मिसळलेलं. दोन्हींत मासे पाळणाऱ्याकडून आणलेले हवेचे छोटे पंप सोडले, मुळं गुदमरू नयेत म्हणून, आणि पन्हळीतून काढलेली, खालचं पान करपलेली एकसारखी दोन झाडं लावली.

अकरा दिवस रोज सकाळी मी तिथे गेले. वहिनी बादल्यांकडे बघत नसत, पण माझ्याआधी कुणीतरी त्या सावलीतून उजेडात सरकवलेल्या असत. अहवाल आला: पालाश हवा त्याचा चौथा हिस्सा, सोडियम चालतं त्याच्या पाचपट. मी कागद टाकीवर ठेवला. त्यांनी तो घडी करून वहीत घातला.

बाराव्या दिवशी त्या बादल्यांपाशी बसलेल्या दिसल्या. जुन्या पाण्यातल्या झाडाची करप तीन पानं वर चढली होती. नव्या पाण्यातल्या झाडाचं करपलेलं पान करपलेलंच होतं, पण त्याच्या वरची सगळी स्वच्छ.

“हे खालचं भरून नाही येणार?” त्यांनी विचारलं.

“नाही. मेलेली कड परत जिवंत होत नाही. पण वर चढायची थांबते.”

त्यांनी त्या पानाला हात लावला. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. टाकी शेवटची बदलली त्या रविवारी दादाला धाप लागत होती. काठीनं पाणी ढवळताना तो दोनदा थांबला. त्यांनी काठी मागितली, तर म्हणाला, हात घालू नकोस, माप चुकेल. कोपरापर्यंत हात बुडवून त्यानं तळाचे खताचे खडे स्वतः मोडले. तेच पाणी. त्यात त्या नवं घालत गेल्या, पण ते कधी संपू दिलं नाही.

“तळाशी थोडं तरी तेव्हाचं असेलच ना, वन्सं?”

मला हिशेब करता आला असता. चारशे झाडं, रोजचं शोषण, चौदा महिने. उत्तर शून्याच्या इतकं जवळ होतं की सांगण्यात अर्थ नव्हता.

“असेल थोडं,” मी म्हणाले.

पंप सुरू झाला. पाणी पन्हळींतून गेलं, परत टाकीत पडलं, आणि थांबलं. वहिनी उठल्या, पदर खोचला आणि टाकीच्या तळाची, पाणी सोडायची चावी कुठे आहे ते वाकून पाहिलं.

“आज रविवार नाही,” त्या म्हणाल्या. “तरी सोडून देऊ या. सगळं.”