रायबाने बिल मागितलं

पोलादपूरच्या बाजारात सोनबाचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. डोंगरावरच्या वाडीतून रायबा तुपाचा डबा घेऊन उतरायचा आणि ओझं टेकवायचा ते याच दुकानाच्या पायरीवर. सोनबा आतून ओरडायचा, "आला का रे डोंगराचा राजा!" मग चहा, तंबाखू, म्हशीबकऱ्यांची चौकशी. काय दिवस होते ते! दोघांच्या मध्ये बिलाचा कागद कधी आलाच नाही.

पुढे सोनबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि गल्ल्यावर मुलगा विनीत बसला. सोनबा नुसता बाकावर बसून राही.

त्या दिवशी रायबाबरोबर सून नूतन होती. बाळासाठी दूधपावडरीचा डबा घेतला, विनीतने एकशे दहा रुपये घेतले. पायरीवर येऊन नूतनने डब्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडली. खाली छापलेलं होतं अठ्ठ्याण्णव, सर्व करांसहित.

"मामंजी, जास्त घेतले."

"गाडीभाडं असंल गो."

"छापील किमतीत सगळं येतं. वर एक पैसा घेता येत नाय, रेडिओवर सांगतात. बिल घ्या. बिल नि डबा दाखवून वजनमापे निरीक्षकाकडे तक्रार करू."

बिल मागायचं, ते पण सोनबाकडे? मग या पायरीवर परत कुठल्या तोंडाने बसायचं? मुकाट निघावं असंच रायबाला वाटलं. पण वाडीतल्या ठमाबाईने मोळ्या विकून असाच डबा नेला होता, नातवासाठी. ती त्याला आठवली आणि तो आत वळला.

"विनीत, बिल दे."

विनीत चपापला. "रायबाकाका, आपल्यात बिल कसलं? हे घ्या वरचे पैसे, मिटवा."

"नि ठमाबाईचे? तिला वाचता येत नाय."

विनीतने फणकाऱ्याने कागद ओढला आणि अठ्ठ्याण्णव लिहू लागला. नूतन म्हणाली, "आमच्याकडून एकशे दहा घेतलेत."

बाकावरून सोनबाचा आवाज आला. "रायबा, एवढ्या वर्षांत तू कधी बिल मागितलं नाहीस."

"कधी लागलंच नाय, सोनबा."

सोनबाने तोंड गल्ल्याकडे वळवलं. मग म्हणाला, "विनीत, घेतलेस तेवढेच लिही. खाली सही कर."

तक्रार गेली. निरीक्षक आले, तेव्हा फळीवर तसेच पट्ट्या लावलेले डबे सापडले. पंचनामा झाला, दंड भरावा लागला. ठमाबाईला विनीतने स्वतः पैसे नेऊन दिले.

रायबा मात्र बाजारात आला की पलीकडच्या अंगाने जाई. डोक्यावरचं ओझं उतरवायला जागा नाही, मान दुखून येई. फार वाईट दिवस गेले ते. एकदा तसाच खालमानेने चालला होता. डोळ्यांना दिसत नसलं तरी सोनबाने त्याच्या वहाणांचा आवाज बरोबर ओळखला.

"रायबा! मेल्या, पायरी रिकामी आहे. ओझं कुठं टेकवतोस हल्ली?"

रायबाला रडूच आलं. त्याने तुपाचा डबा पायरीवर ठेवला.